नेट गेलं, बिल दोनदा चढलं

शनिवारची संध्याकाळ. साड्यांच्या दुकानातलं इंटरनेट गेलं, तरी बिलं थांबली नाहीत. ती काउंटरच्या संगणकातच साठत राहिली. जीएसटीत वर्षभरात एकच बिल क्रमांक दोनदा चालत नाही, म्हणून प्रत्येक काउंटरची क्रमांकमालिका वेगळी.

नेट आलं की बिलं ईआरपीत चढतात: साठा घटतो, विक्री आणि कर खात्यांत पडतो. खरी गोम पुढेच आहे. एक बिल पोहोचलं, पण त्याची पोच परतण्याआधी नेट पुन्हा गेलं. काउंटर ते पुन्हा पाठवणारच! ईआरपीने 'हा क्रमांक आधीच आलाय' हे तपासलं नाही, तर १,०५० रुपयांची एकच साडी दोनदा विकली जाते.

रात्री गल्ल्यात १,०५० रुपये कमी आणि कपाटात एक साडी जास्त निघाली, तर नोकरावर संशय घेण्याआधी दुबार बिल शोधावं.