हजारो स्वैर डावांतून एक चाल

इटलीतल्या तुरिन शहरात 2006 साली संगणकांचे ऑलिम्पियाड भरले होते. त्यात 9×9 रेघांच्या छोट्या पटावरच्या ‘गो’ या खेळाचे सुवर्णपदक ‘क्रेझी स्टोन’ नावाच्या प्रोग्रॅमने पटकावले. तो लिहिणारे फ्रेंच संशोधक रेमी कुलों यांनी प्रोग्रॅमला गोची जाण अगदी जुजबी दिली होती. कोणती चाल खेळायची हे ठरवण्यासाठी तो पुढचे हजारो डाव मनातल्या मनात, बहुतांशी स्वैरपणे खेळून बघत असे आणि कोण जिंकले त्याची नोंद ठेवत असे.

बुद्धिबळात या मार्गाची गरज पडली नव्हती. तिथे वजीर गेला की नुकसान मोजता येते. प्रत्येक मोहऱ्याला किंमत आहे, त्यामुळे अर्ध्या डावातही पारडे कोणाकडे झुकले आहे याचा अंदाज बांधता येतो. गोमध्ये सगळ्या सोंगट्या सारख्याच असतात. एखादा सोंगट्यांचा गट जिवंत आहे की मेल्यात जमा आहे, हे कधी कधी तीस-चाळीस चालींनंतर उघड होते. शिवाय मोठ्या पटावर 361 छेदबिंदू असल्याने एका वेळी दोन-अडीचशे चाली उपलब्ध असतात. अर्ध्यावरच्या डावाला गुण देणारे भरवशाचे सूत्र कोणालाच सापडत नव्हते.

पण संपलेला गोचा डाव मोजणे सोपे असते. मग डाव संपवूनच टाकावा, ही कल्पना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ बर्न्ड ब्रुगमान यांनी 1993 साली मांडली. आहे त्या स्थितीपासून दोन्ही बाजूंनी वाटेल त्या चाली खेळत शेवटापर्यंत जायचे. पथ्य मुख्यतः एकच: आपल्याच गटाचा ‘डोळा’, म्हणजे त्याला जिवंत ठेवणारी रिकामी जागा, आपण बुजवायची नाही. हे पथ्य नसेल तर जिवंत गट आत्महत्या करत राहतात आणि डाव संपतच नाही. असा एक डाव निरर्थक असतो. पण एकाच चालीनंतरचे हजार डाव काळ्याने साठ टक्के जिंकले आणि दुसऱ्या चालीनंतरचे पन्नास टक्के, तर त्या फरकात काहीतरी माहिती असते.

या सरासरीत मात्र एक मोठी खोट आहे. समजा, काळ्याने एक धमकीची चाल खेळली. तिला पांढऱ्याकडे पन्नास उत्तरे आहेत. त्यांपैकी एकोणपन्नास उत्तरांनी पांढरा हरतो आणि एकाने हमखास जिंकतो. स्वैर खेळणारा पांढरा ते अचूक उत्तर पन्नासांतून एकदाच देईल, म्हणून काळ्याची ही चाल 98 टक्के यशस्वी दिसेल. खरा प्रतिस्पर्धी ते उत्तर पहिल्याच फटक्यात देईल. अशा वेळी डावांची संख्या कितीही वाढवली तरी सरासरी 98 टक्क्यांवरच राहते.

कुलों यांच्या प्रोग्रॅमने ही खोट भरून काढली ती झाडाच्या साहाय्याने. आताची स्थिती हे खोड, तिथून निघणारी प्रत्येक चाल ही फांदी, त्या चालीवरचे प्रत्येक उत्तर ही उपफांदी. प्रत्येक फेरीत चार गोष्टी घडतात. आधीच्या नोंदी पाहत प्रोग्रॅम खोडापासून खाली उतरतो. नोंदी संपतात तिथे एक नवी फांदी जोडतो. तिथून पुढचा डाव स्वैरपणे संपवतो. आणि निकाल आलेल्या वाटेने वर नेत प्रत्येक फांदीवर नोंदवतो. खाली उतरताना काळ्याची पाळी असेल तर काळ्याच्या आणि पांढऱ्याची असेल तर पांढऱ्याच्या फायद्याची फांदी निवडली जाते.

खरी मेख या निवडीत आहे. आतापर्यंत चांगली ठरलेली चालच पुन्हा पुन्हा तपासावी, तर सुरुवातीच्या दोन-तीन डावांत दुर्दैवाने हरलेली उत्तम चाल कायमची मागे पडते. सगळ्या चालींना सारखी संधी द्यावी, तर बहुतेक वेळ फालतू चालींवर वाया जातो. जुगाराच्या अनेक यंत्रांपैकी कोणत्यात नाणे टाकावे, या गणिती प्रश्नाचे हेच स्वरूप आहे. ऑअर, चेसा-बियांकी आणि फिशर यांनी 2002 साली त्यावर एक सुटसुटीत नियम दिला होता. लेव्हेंटे कोचिश आणि चाबा सेपेश्वारी यांनी 2006 साली तो झाडाच्या प्रत्येक फाट्यावर लावला. प्रत्येक चालीला असे गुण द्यायचे:

```
w/n + c × √(ln N / n)
```

इथे n म्हणजे त्या चालीवर झालेले डाव, w त्यांतले विजय आणि N त्या फाट्यावरचे एकूण डाव. पहिला भाग अनुभवाचा. दुसरा भाग अज्ञानाची भरपाई करणारा: चाल जितकी कमी तपासलेली, तितकी ही भर मोठी. c हा आकडा दोहोंचा तोल ठरवतो.

c = 1.4 धरू. पहिल्या चालीवर 90 डाव झाले, 54 जिंकले. दुसरीवर 10 झाले, 4 जिंकले. पहिलीचे गुण 0.60 अधिक 0.32, म्हणजे 0.92. दुसरीचे 0.40 अधिक 0.95, म्हणजे 1.35. पुढचा डाव दुसरीला मिळतो. ती पुढेही चाळीस टक्केच जिंकत राहिली, तर आणखी सुमारे 25 डावांनी तिची भर आटते आणि पाळी पहिलीकडे परतते. c बराच कमी ठेवला, समजा 0.3, तर दुसऱ्या चालीला ही संधी मिळालीच नसती.

आता धमकीच्या चालीकडे पुन्हा पाहू. पांढऱ्याच्या फाट्यावर हाच नियम लावला तर पहिल्या 50 डावांत प्रत्येक उत्तर एकदा तपासले जाते आणि काळ्याचे यश 98 टक्के दिसते. मग जिंकून देणाऱ्या उत्तराकडे डाव वळू लागतात. हजार डावांपर्यंत त्या एका उत्तराला निम्मे डाव मिळालेले असतात आणि काळ्याचे यश 50 टक्क्यांच्या आसपास उतरते. दहा हजारांपर्यंत ते जेमतेम 8 टक्के उरते. सापळा कोणीही शिकवलेला नसताना उघडा पडतो. वेळ संपल्यावर सर्वाधिक वेळा तपासलेली चाल खेळण्याचा प्रघात आहे. दोनच डावांत दोन विजय मिळवलेल्या चालीच्या शंभर टक्क्यांवर विसंबणे धोक्याचे असते.

फ्रान्समध्येच घडलेल्या ‘मोगो’ या प्रोग्रॅमने हा नियम उचलला. 2008 च्या ऑगस्टमध्ये, 800 प्रोसेसर कोअरच्या बळावर, त्याने मोठ्या पटावर किम म्योंगवान या 8 दान दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूला हरवले. मात्र सुरुवातीला त्याला नऊ सोंगट्यांची सवलत होती.

दोन गट एकमेकांना घेरत असतात आणि कोण आधी मरणार याची शर्यत लागते, तिथे ही पद्धत अडते. दहा-बारा चालींची एकच अचूक साखळी निकाल ठरवते; स्वैर डाव ती क्वचितच खेळतात आणि झाड तितके खोल पोचलेले नसते. लक्षण ओळखता येते: जाणकाराच्या लेखी डाव हरलेला असतो, तरी प्रोग्रॅम साठ टक्क्यांची आशा दाखवत राहतो आणि मग काही चालींत आकडा कोसळतो.

2016 च्या मार्चमध्ये ली सेडॉलविरुद्धच्या चौथ्या डावात ‘अल्फागो’चेही असेच झाले. त्याच्या झाडाला न्यूरल नेटवर्कची जोड होती, तरी लीच्या 78व्या चालीची शक्यता त्याने दहा हजारांत एकाहून कमी धरली होती. चूक 79व्या चालीला झाली. डेमिस हसाबिस यांनी सांगितल्याप्रमाणे अल्फागोला ती उमगली 87व्या चालीच्या सुमारास.

अल्फागो स्थितीचा अंदाज घेताना निम्मे वजन नेटवर्कच्या मताला आणि निम्मे जलद खेळलेल्या डावांच्या निकालाला देत असे. 2017 च्या ‘अल्फागो झीरो’ने हे डाव पूर्णपणे वगळले. फांद्यांवरच्या भेटी मोजणारे झाड आणि कमी तपासलेल्या चालीला भर देणारे सूत्र मात्र बदललेल्या रूपात त्यातही कायम आहे.