दहा मिनिटांचा फ्लास्क

औषधाच्या गोळीत नेमके किती औषध आहे, हे मोजणारे एचपीएलसी यंत्र स्वतः ठीक आहे का, हे ठरावीक मुदतीने तपासावे लागते. पंपाची तपासणी अगदी साधी असते. प्रवाह मिनिटाला 1 मिलिलिटर ठेवायचा, बाहेर पडणारे पाणी 10 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये धरायचे आणि स्टॉपवॉच लावायचे. खुणेपर्यंत यायला दहा मिनिटे लागायला हवीत. समजा वीस सेकंद जास्त लागले, तर प्रवाह 0.97 भरतो, म्हणजे तीन टक्के कमी. बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांपर्यंतच सूट असते. अशा वेळी संशय पहिल्यांदा अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यावर, मग झडपेवर आणि झिजलेल्या सीलवर. दाबाचा आकडा सारखा खालीवर होत असेल तर संशय बळावतो.

डिटेक्टरसाठी कॅफीनचे द्रावण वापरतात, कारण 273 नॅनोमीटरजवळ त्याच्या शोषणाचे ठळक शिखर असते. शिखर दुसरीकडेच दिसले, तर तरंगलांबी सरकली आहे.

शेवटी तेच द्रावण सहा वेळा टोचून शिखरांची क्षेत्रफळे ताडून पाहतात. फरक साधारण एक टक्क्याच्या आत हवा. मात्र पंप सातत्याने मंद असेल, तर सहाही आकडे एकसारखेच चुकतात आणि ही चाचणी बिनबोभाट पार पडते. म्हणून आधी फ्लास्क, मग इंजेक्शन.