चिनी डेटाबेसमध्ये पेपर सापडावा म्हणून कीवर्ड कसे निवडायचे?

ॲबस्ट्रॅक्टचं चिनी भाषांतर अगदी बरोबर असूनही तो पेपर शोधणाऱ्याला सापडत नाही, असं होऊ शकतं. शब्दकोशातला शब्द एक असतो आणि त्या विषयातला माणूस सर्च बॉक्समध्ये टाईप करतो तो दुसराच. अशी भाषांतरं करताना माझा सगळ्यात जास्त वेळ कीवर्डच्या त्या एका ओळीवर जातो.

समजा, पेपर लिडारने, म्हणजे लेझर किरणांनी, जंगलातली झाडं मोजण्याबद्दल आहे. त्यात एक कीवर्ड आहे 'छातीच्या उंचीवरचा खोडाचा व्यास'. चीनमध्ये तो जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात. शब्दाला शब्द लावला तर 胸高直径 होतं. चूक काहीच नाही. पण तिथले वनशास्त्रवाले सर्रास 胸径 एवढंच लिहितात. आता दोन्ही नीट बघा: पहिलं आणि शेवटचं अक्षर तेच आहे, पण मध्ये दोन अक्षरं घुसली आहेत. सलग 胸径 शोधणाऱ्या सर्चला तुमचा शब्द जुळत नाही.

मग रूढ शब्द ओळखायचा कसा? चिनी जर्नलमध्ये बहुतेक वेळा चिनी ॲबस्ट्रॅक्टसोबत इंग्रजी ॲबस्ट्रॅक्ट आणि कीवर्डही छापतात. म्हणून मी सीएनकेआय (中国知网) या डेटाबेसमध्ये आधी इंग्रजी शब्द टाकते, चार-पाच ताजे पेपर उघडते आणि त्याच्या जागी चिनीत काय लिहिलंय ते बघते. मग तो चिनी शब्द 关键词, म्हणजे कीवर्ड, हा पर्याय निवडून पुन्हा शोधते. नुसता रिझल्टचा आकडा बघून भागत नाही, वरची दहा शीर्षकं वाचायची. ती आपल्या विषयाची नसतील तर शब्द दुसऱ्याच क्षेत्रातला आहे. 森林, म्हणजे नुसतं 'जंगल', टाकलं तर रिझल्ट ढिगाने येतील, पण त्यात आपला पेपर कुठे दिसणार?

राहिलेला शब्दही वाया घालवायचा नाही. कीवर्डमध्ये 胸径 द्यायचं आणि ॲबस्ट्रॅक्टच्या वाक्यात एकदा 胸高直径 येऊ द्यायचं. शीर्षक, कीवर्ड आणि ॲबस्ट्रॅक्ट एकत्र धुंडाळणारा 篇关摘 हा पर्याय वापरणाऱ्याला मग दोन्हींनी पेपर मिळतो. लिडारचंही तसंच: कीवर्ड 激光雷达, आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये त्याच्याशेजारी LiDAR, कारण बरेच जण थेट इंग्रजी अक्षरंच टाकतात.

जर्नल तैवानचं असेल तर मात्र हे पुन्हा करावं लागतं. ॲपने सोपी लिपी पारंपरिक करून दिली की काम झालं असं वाटतं, पण 激光雷达 चं 激光雷達 होतं आणि तैवानमध्ये लिडारला म्हणतात 光達. तिथे लिपीच नाही, शब्दच बदलतो.