साडेअकरा लाखांचा खुलासा

ऑक्टोबर उजाडला की धर्मादाय रुग्णालयांच्या अर्थसमितीपुढे सहामाहीचे आकडे येतात. ज्या विभागाचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला असेल त्याच्या प्रमुखाला एक पानी खुलासा जोडावा लागतो. त्यातलं ठरलेलं वाक्य असं: ‘रुग्णसंख्येतील वाढ व साहित्याची दरवाढ यामुळे जादा खर्च झाला असून काटकसरीच्या सूचना देण्यात आल्या आहेत.’ यात खोटं काही नसतं. पण हेच वाक्य गेल्या वर्षीही चाललं असतं आणि शेजारच्या विभागालाही चालेल. मग ते वाचून समितीने करायचं काय? मंजुरी द्यायची की जाब विचारायचा?

डायलिसिस विभागाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी आहे. सहा महिन्यांत ६,००० डायलिसिस होतील आणि प्रत्येकी साहित्याला ७०० रुपये लागतील, असं धरून ४२ लाखांची तरतूद केली होती. लेखाशीर्षावर प्रत्यक्षात ५५ लाख २० हजार पडले. म्हणजे १३ लाख २० हजार जास्त.

हा आकडा घेऊन थेट कारणांकडे धावायचं नाही. आधी भांडारात जायचं. बऱ्याच संस्थांत बिल आलं की खर्च मांडला जातो, माल वापरला गेला की नाही हे बघितलं जात नाही. इथेही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेली खोकी न फोडता पडून होती. ती आणि एरवीचा शिल्लक माल मिळून, सुरुवातीच्या साठ्यापेक्षा १ लाख ७४ हजारांचा माल जास्त निघाला. हा काही जादा खर्च नव्हे, पुढच्या सहामाहीचा माल आहे. तो वगळला की खरी तफावत उरते ११ लाख ४६ हजार.

आता रुग्णांकडे वळू. ६,००० ऐवजी ६,६०० डायलिसिस झाले. वाढीव ६०० ना ठरलेल्या ७०० रुपयांनी गुणलं की ४ लाख २० हजार होतात. एवढ्या रकमेबद्दल विभागप्रमुखाने मान खाली घालायचं कारण नाही, कारण या डायलिसिसमागे जमेच्या बाजूलाही रक्कम आहे. मात्र ती हातात आली आहे की सरकारी योजनेच्या दाव्यात अडकली आहे, हे एका ओळीत लिहिलेलं बरं. समितीतला बँकेतून निवृत्त झालेला सभासद तोच प्रश्न पहिला विचारतो.

उरले ७ लाख २६ हजार. म्हणजे दर डायलिसिसला ७०० ऐवजी ८१० रुपये लागले. इथे ‘दरवाढ’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि खुलासा बिघडतो तो इथेच. या ११० रुपयांतले १०० एकट्या डायलायझरचे आहेत. डायलायझर म्हणजे रक्त गाळणारी नळकांडी. हजारो बारीक पोकळ तंतू तिच्यात असतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती धुऊन, निर्जंतुक करून त्याच रुग्णाला पुन्हा वापरतात. अंदाजपत्रकात एक डायलायझर १,२०० रुपयांना आणि सहा वेळा वापरला जाणार असं धरलं होतं, म्हणजे वेळेला २०० रुपये. प्रत्यक्षात किंमत १,३२० झाली आणि सरासरी वापर ४.४ वर आला. वेळेला ३०० रुपये पडले.

सहाच्या हिशेबाने ६,६०० डायलिसिसना १,१०० डायलायझर पुरले असते. लागले १,५००. जास्तीचे ४०० जुन्या किमतीने ४ लाख ८० हजारांचे होतात. किमतीतल्या वाढीचा भार त्या मानाने १ लाख ८० हजारच. बाकीच्या किरकोळ साहित्याचे ६६ हजार. सगळ्यात मोठा तुकडा ना रुग्णवाढीचा निघाला, ना महागाईचा. डायलायझर लवकर बाद झाले, त्याचा तो निघाला.

ते का बाद झाले, हे लेखा विभागाला कळणार नाही. त्यासाठी धुलाईच्या खोलीतली नोंदवही उघडावी लागते. प्रत्येक धुण्यानंतर तंत्रज्ञ डायलायझरच्या तंतूंत किती पाणी मावतं ते मोजतो. नव्यात १०० मिलिलिटर मावत असेल आणि आता ८० पेक्षा कमी मावलं, तर तो टाकून द्यायचा, कारण काही तंतू गुठळ्यांनी बुजलेले असतात. नोंदवहीत ‘७६’, ‘७४’, ‘७८’ असे शेरे जूनपासून दाटीने दिसू लागतात. शेजारच्या रकान्यात पाळी बघितली तर बहुतेक तिसरी. रुग्ण वाढले म्हणून मे अखेरीस रात्रीची पाळी सुरू झाली, पण धुणारा तंत्रज्ञ संध्याकाळी घरी जात होता. रात्रीचे डायलायझर सकाळपर्यंत तसेच पडायचे आणि आतलं रक्त साकळायचं.

म्हणजे ‘रुग्ण वाढले’ हे कारण शेवटी खरंच होतं, फक्त वेगळ्या वाटेने. उपायही मग आपोआप ठरतो: रात्रीच्या पाळीला धुलाईचा एक माणूस. महिना १८,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १ लाख ८ हजार. खर्च वाढल्याच्या खुलाशात आणखी खर्च मागायला विभागप्रमुख कचरतात, पण इथे मागायलाच हवा.

त्याने किती वाचेल, हे लिहिताना हात आखडता ठेवावा. सरासरी लगेच सहावर जाणार नाही. साडेपाच धरली, तर नव्या किमतीने डायलायझर वेळेला २४० रुपयांना पडतो. दर डायलिसिसला ६० रुपये वाचतात, ६,६०० डायलिसिसना ३ लाख ९६ हजार. पगार वजा जाता २ लाख ८८ हजार उरतात. तरीही वर्षअखेर जादा खर्च २० लाखांच्या घरातच राहील, कारण रुग्ण कमी होणार नाहीत आणि किंमतही उतरणार नाही. हा आकडा झाकून ‘उर्वरित वर्षात तफावत भरून काढू’ असं लिहिणाऱ्याची मार्चमध्ये पंचाईत होते.

एक वाक्य मात्र ठळक लिहायला हवं. ‘वापर वाढवा’ असा ठराव समितीने करू नये. आकडे बघून कुणी तरी विश्वस्त ‘सहा का, आठ वेळा वापरा’ म्हणतोच. ८० टक्क्यांची मर्यादा खर्चासाठी घातलेली नाही. तिच्याखाली गेलेल्या डायलायझरने रक्त नीट गाळलं जात नाही. सरासरी वाढायची ती वेळेवर धुतल्याने, शेरा न मारल्याने नव्हे.

एवढ्यावरून पानावर उतरतं ते साधारण असं:

‘साहित्यावरील जादा खर्च ११.४६ लाख (शिल्लक साठा वगळून). पैकी वाढीव ६०० डायलिसिस ४.२०, डायलायझर मुदतीआधी बाद ४.८०, डायलायझर दरवाढ १.८०, इतर ०.६६. रात्रपाळीत धुलाईस विलंब झाल्याने डायलायझर बाद झाले. नोंदवहीचा उतारा सोबत. रात्रपाळीसाठी एक तंत्रज्ञ मंजूर व्हावा. वर्षअखेर पगारासह अपेक्षित जादा खर्च २०.०४ लाख, उपाय न केल्यास २२.९२ लाख. बाद करण्याची ८० टक्क्यांची मर्यादा कायम राहील.’

शेवटी तारीख आणि मोजमाप. डिसेंबरअखेर सरासरी वापर पाचच्या वर गेला नाही, तर विलंब हे एकमेव कारण नव्हतं असं समजून रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची मात्रा आणि धुलाईची पद्धत तपासली जाईल, आणि तो अहवाल जानेवारीच्या बैठकीत येईल.