शेअरचा प्रीमियम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमची मालक कंपनी वन९७ कम्युनिकेशन्सने १ रुपया दर्शनी मूल्याचा शेअर २,१५० रुपयांना विकला. म्हणजे प्रत्येक शेअरमागे २,१४९ रुपये प्रीमियम. त्या निमित्ताने प्रीमियमबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : विक्रीतून आलेली सगळी रक्कम भागभांडवलात जमा होते.

वस्तुस्थिती : भागभांडवलात फक्त दर्शनी मूल्य जाते. कंपनीने नव्या शेअरांतून ८,३०० कोटी रुपये उभे केले. त्यासाठी सुमारे ३.८६ कोटी शेअर द्यावे लागले. त्यामुळे भागभांडवल वाढले जेमतेम ३.८६ कोटी रुपयांनी आणि उरलेले सुमारे ८,२९६ कोटी प्रीमियम खात्यात गेले. याच इश्यूत जुन्या भागधारकांनी आणखी १०,००० कोटींचे शेअर विकले. ते पैसे विकणाऱ्यांना मिळाले, त्यामुळे कंपनीच्या ताळेबंदात त्यातले काहीच आले नाही. पुढे बाजारात भाव चढला किंवा पडला, तरी हे आकडे हलत नाहीत.

गैरसमज : दोन्ही पैसे भागधारकांचेच, मग वेगळे दाखवणे ही निव्वळ औपचारिकता.

वस्तुस्थिती : एका शेअरची किंमत कोणी १ रुपया मोजली असेल, कोणी २,१५०, पण एकाच प्रकारच्या शेअरवर मत आणि लाभांश दोघांनाही सारखाच. हा हक्क दर्शनी मूल्यावरच्या भागभांडवलातल्या वाट्यावरून ठरतो. प्रीमियम त्यातच मिसळला, तर कोणाचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. म्हणून ताळेबंदात भागभांडवल वेगळे आणि प्रीमियम राखीव निधींच्या गटात, पण स्वतःच्या नावाने दाखवतात.

गैरसमज : प्रीमियम म्हणजे कंपनीचा नफा, त्यातून लाभांश देता येतो.

वस्तुस्थिती : ही रक्कम धंद्यातून कमावलेली नसते, ती भागधारकांनी घातलेली असते. म्हणून ती नफा-तोटा पत्रकात येत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५२ नुसार तिचा वापर ठरावीक कामांपुरताच होतो : पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देणे, शेअर विक्रीचा खर्च वळता करणे, शेअरांची पुनर्खरेदी. लाभांश त्या यादीत नाही. यापलीकडे ती वापरायची, उदाहरणार्थ साचलेला तोटा पुसायचा, तर भांडवल कपातीचीच वाट धरावी लागते : विशेष ठराव आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी.

गैरसमज : प्रीमियम खात्यात मोठी रक्कम दिसते, म्हणजे कंपनीकडे तेवढी रोकड आहे.

वस्तुस्थिती : हे खाते पैसा कोठून आला, एवढेच सांगते. तो खर्च झाला असला, तरी आकडा तिथेच राहतो. रोकड पाहायची, तर मालमत्तेच्या बाजूची रोख व बँक शिल्लक पाहावी. 'राखीव निधी' भरघोस दिसला, तर त्यात प्रीमियम किती आणि कमावलेला नफा किती, हे टिपांमध्ये तपासूनच मत बनवावे.