छोटा टेम्पो घेताना आधी वजन, मग ॲव्हरेज

भाजी, किराणा किंवा पाण्याचे जार घरपोच द्यायचा धंदा सुरू करणारा माणूस शोरूममध्ये शिरला की पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" माझं सांगणं आहे, आधी वजन विचारा. आपल्या मालाला किती मोठी गाडी लागेल आणि तिला परमिट लागेल का, ही दोन्ही उत्तरं वजनातच आहेत.

आरसी बुकात दोन आकडे असतात. एक भरलेल्या गाडीचं कमाल एकूण वजन, दुसरं रिकाम्या गाडीचं. समजा ते १५५० आणि ८०० किलो आहेत. मधल्या फरकाला विक्रेता "साडेसातशे किलो पासिंग" म्हणतो. पण कायद्याने रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात. दोघांचे १३० किलो वजा केले की मालाला उरतात ६२०. भाजी-किराण्यासाठी बंद बॉडी बसवली, तर तिचेही शंभर-सव्वाशे किलो यातूनच जातात आणि हातात पाचशेच्या आसपास राहतात. एकाच मॉडेलची सीएनजी गाडी सिलिंडरमुळे पेट्रोलपेक्षा कमी माल उचलते, तेव्हा आकडा नेमक्या त्याच गाडीचा पाहायचा.

आता हौदा बघा. छोट्या हत्तीच्या वर्गातल्या गाडीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. भाजीचे नेहमीचे क्रेट त्यात एका थराला दहा बसतात. सरासरी पंधरा किलोचे तीन थर लावले तर झाले साडेचारशे किलो, म्हणजे बंद बॉडीची गाडीसुद्धा हे ओझं आरामात नेते. पालेभाजी असेल तर जागा आधी संपते, वजन नाही.

पाण्याच्या जारचं उलट आहे. वीस लिटरचा भरलेला जार एकवीस किलोच्या आसपास भरतो. त्याच उघड्या हौद्यात एका थराला असे पस्तीस जार उभे राहतात, म्हणजे ७३५ किलो. दोन माणसं धरली की गाडी ११५ किलोने ओव्हरलोड! वर मात्र हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि दुसरा थर लावायचा मोह होतो. हिशेबाने २९ जारच घ्यायला हवेत. ज्यादा भार पडला की मागचे पाटे सपाट होतात, पुढचं स्टिअरिंग हलकं लागतं आणि उतारावर ब्रेक उशिरा धरतात. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो. रोज साठ-सत्तर जार द्यायचे असतील तर तीन फेऱ्या करा, नाहीतर वरच्या वर्गातलं पिकअप बघा.

पिकअप बघताना परमिट आडवं येतं. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याच्या कलम ६६ मधून सूट आहे, तिला परमिट लागत नाही. मोठी पिकअप कित्येकदा ही मर्यादा ओलांडतात. इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांना २०१८पासून केंद्राने परमिटमधून सूट दिली आहे. पण परमिट नाही म्हणजे कागद नाहीत, असं नाही. नोंदणी व्यावसायिक वाहन म्हणूनच हवी. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. विमा, कर आणि पीयूसी आहेतच. लायसन्स मात्र साधं हलक्या वाहनाचं चालतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिला. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून रोज माल वाटू नका, अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आता ॲव्हरेज. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. तुमची गाडी सोसायटीच्या दारोदार थांबणार, पुन्हा सुरू होणार आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच बराच वेळ जाणार. म्हणून तुमच्याच भागात डिलिव्हरी करणाऱ्याला टाकी फुल ते टाकी फुल मोजलेला आकडा विचारा. समजा पेट्रोलवर लिटरला १४ किलोमीटर मिळतात, सीएनजीवर किलोला १८, आणि दर अनुक्रमे १०५ व ९० रुपये धरले. महिन्याला १७५० किलोमीटर झाले तर पेट्रोलचा खर्च सुमारे १३,१०० आणि सीएनजीचा ८,७५०. सीएनजी गाडी ९० हजारांनी महाग असेल तर ती रक्कम एकवीस महिन्यांत सुटते. पण धंदा चार गल्ल्यांपुरताच असेल आणि गाडी याच्या निम्मीच धावली, तर साडेतीन वर्षं लागतात. त्यात पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ धरलेला नाही. तेवढ्या वेळात कितीतरी घरं होतात.

म्हणून बुकिंगची रक्कम देण्याआधी विक्रेत्याकडून बॉडीसकट रिकामं वजन आणि कमाल एकूण वजन कोटेशनवर लिहून घ्या, आणि आपल्या एका फेरीचा माल खरोखर काट्यावर ठेवून पाहा.