मृत्युंजयेश्वर दिसलं की उठा

पुण्यात शिवाजीनगरहून वारज्याकडे निघालेल्या गर्दीच्या बसमध्ये नवखा प्रवासी लांबूनही ओळखू येतो. गाडी जरा थांबली की तो वाकून बाहेर बघतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "कर्वे पुतळा आला का?" घोषणा नाही, पाटी नाही, आणि कंडक्टर मागे तिकिटं काढण्यात गुंतलेला. शिवाय विचारताना नाव पूर्ण घ्यावं लागतं. कर्वे रस्ता, कर्वेनगर आणि कर्वे पुतळा ही तीन वेगळी ठिकाणं आहेत, आणि नुसतं "कर्वे" म्हटलं तर ऐकणारा त्यातलं कुठलंही समजू शकतो.

अशा वेळी बहुतेक जण कुणाला तरी विचारून ठेवतात, "इथून कितवा थांबा?" आणि मग मोजत बसतात. हे मोजणं फसतं, कारण माणूस थांबे न मोजता गाडीचं थांबणं मोजतो. कुणी उतरणार नसेल आणि थांब्यावर कुणी हात करत नसेल, तर ड्रायव्हर गाडी तशीच पुढे काढतो. उलट नळ स्टॉपच्या सिग्नलला ती दोनदा थांबू शकते, आणि लगेच दोघे-तिघे दारातून उडी मारतात, म्हणजे थांबा आल्यासारखंच वाटतं. घंटीवर भरवसा ठेवावा तर तीही कुणी उतरणार असेल तरच वाजते. म्हणून मोजायचीच असेल तर डावीकडे मागे पडणारी थांब्याची शेड मोजावी, गाडी तिथे थांबो वा न थांबो. त्यासाठी डावीकडची खिडकी हवी.

तरीही एखादी शेड झाडाआड जाते, एखादी रस्त्याच्या कामात उखडलेली असते. एक आकडा चुकला की पुढचे सगळे चुकतात. यावर उपाय म्हणजे लांब मोजायचंच नाही. वाटेत न चुकणारी एक खूण ठरवायची, तिथपर्यंत निवांत बसायचं आणि मोजणी तिथून सुरू करायची.

या रस्त्यावर अशी खूण पौड फाट्याला आहे. डेक्कन सोडल्यावर गरवारे कॉलेज, रसशाळा, नळ स्टॉप, एसएनडीटी असं सगळं मागे पडत असताना मेट्रोचा पूल सोबत असतो. पौड फाट्याला रस्ता फुटतो. मेट्रो पौड रस्त्याने वनाजकडे जाते, आणि आपली बस डावीकडे कर्वे रस्त्यावरच राहते. म्हणजे वाटेतले थांबे मोजण्याची गरजच नाही. मेट्रोचे खांब सुटले की सावध व्हायचं. फाटा ओलांडूनही खांब सोबतच राहिले, तर बस चुकीची आहे आणि पुढच्याच थांब्याला उतरलेलं बरं. ही खूण अंधारात आणि पावसातही चालते, हे तिचं मोठेपण. दुकानांच्या पाट्यांवर मात्र विसंबू नये. त्या बदलतात, आणि दुकान बंद झालं की रात्री दिसतही नाहीत.

उभ्या प्रवाशाची अडचण आणखी निराळी. खिडकीची वरची कड त्याच्या डोळ्यांच्या खाली येते, त्यामुळे त्याला फक्त रस्ता, फुटपाथ आणि दुकानांच्या पायऱ्या दिसतात. बसलेल्याला दिसणारा कळस किंवा फलक त्याच्या कामाचा नाही. त्याने खांबाचा बुंधा, कंपाउंडची भिंत, गाडीने घेतलेलं वळण किंवा चढ अशा खुणा धराव्यात. वळण तर डोळे मिटलेले असले तरी अंगाला कळतं.

दुसरी गोष्ट, खूण उतरण्याच्या जागेची नको, तिच्या अलीकडची हवी. पुतळा दिसल्यावर उठलात, तर मागच्या बाकावरून दारापर्यंत पोचेस्तोवर गाडी सुटलेली असते. फाटा ओलांडल्यावर कर्वे पुतळ्याच्या आधी मृत्युंजयेश्वराचं मंदिर लागतं. ते दिसलं की उठायचं, पिशवी काखेत घ्यायची आणि "पुढे उतरताय का?" असं विचारत दाराकडे सरकायचं. गर्दी नेहमीपेक्षा जास्त असेल, तर फाट्यालाच उठलेलं चांगलं. पलीकडचीही एक खूण माहीत असावी. डहाणूकर कॉलनी दिसली, म्हणजे पुतळा मागे राहिला. मग आणखी पुढे न जाता उतरायचं आणि मागे चालत यायचं.

परतीला या खुणा उलट्या क्रमाने येतात आणि दुसऱ्या बाजूला असतात, पण डेक्कनपर्यंत त्या निदान येतात तरी. डेक्कनच्या पुढे गोष्टच बदलते. येताना बस जंगली महाराज रस्त्याने आली होती, बालगंधर्व आणि संभाजी उद्यान ओलांडून. तो रस्ता एकेरी आहे. जाताना ती गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्त्याला लागते, तिथे यातलं काहीच दिसत नाही. तिथली खूण म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचं फाटक. शिवाजीनगरला उतरणाऱ्याने नवी मोजणी तिथून सुरू करावी.